मेलच्या ट्रेलमध्ये विषय मध्येच बदलला तर नवी साखळी कशी सुरू करायची?

सचिव_मुलुंडपूर्व

मंडळी, आमच्या सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार ईमेलवर चालतो. समितीतले बहुतेक जण जीमेल वापरतात, दोघे ऑफिसच्या आउटलुकवरून लिहितात आणि एक काका थंडरबर्डवर आहेत.

मार्चमध्ये "गच्चीची गळती: वॉटरप्रूफिंगचे दर" या विषयाने एक मेल सुरू झाला. तीन कंत्राटदारांचे दर, ब्रिकबॅट कोबा उखडायचा की त्यावरच नवा थर द्यायचा, पाणी साठवून चाचणी कोण घेणार, अशी चर्चा चालू होती. मध्येच बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या एका सदस्याने तुळईचे फोटो पाठवले. काँक्रीट सुटलंय आणि सळया दिसतायत. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी आहे, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला आणि तेव्हापासून त्याच ट्रेलमध्ये दोन्ही चर्चा चालू आहेत. कोणी "मान्य आहे" लिहिलं की ते कोबा उखडायला मान्य आहे की ऑडिटला, हे कळत नाही.

ऑडिटची चर्चा वेगळी काढायची आहे. ती नेमकी कशी काढायची, म्हणजे सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये वेगळी दिसेल? आणि जुन्या ट्रेलमध्ये ऑडिटबद्दल जे लिहून झालंय त्याचं काय करायचं?

---

बोरीबंदर

सोपं आहे. शेवटच्या मेलवर रिप्लाय दाबा. उत्तराच्या चौकटीत वर डावीकडे जो छोटा बाण असतो त्यावर क्लिक करून `Edit subject` निवडा. वेगळी खिडकी उघडेल, तिथे नवा विषय लिहा आणि पाठवा. मोबाइलवर तर विषयाची ओळ समोरच असते. विषय बदलला की जीमेल आपोआप वेगळी साखळी करतं. आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात.

---

दादर_टपाल

बोरीबंदर म्हणतायत ते जीमेलपुरतं बरोबर आहे. पण धागाकर्त्यांनी तीन वेगवेगळे प्रोग्रॅम सांगितलेत आणि खरी गोम तिथेच आहे.

मेल कोणत्या साखळीत बसवायचा हे पाठवणारा ठरवत नाही. ज्याच्या त्याच्या पडद्यावर त्याचा प्रोग्रॅम ठरवतो, आणि प्रत्येकाचा नियम थोडा वेगळा आहे. प्रत्येक मेलला `Message-ID` नावाचा एक वेगळा क्रमांक मिळतो. तुम्ही रिप्लाय दाबलं की ज्या मेलला उत्तर देताय त्याचा क्रमांक तुमच्या मेलमध्ये `In-Reply-To` या ओळीत जातो, आणि त्याआधीच्या सगळ्या पूर्वजांची माळ `References` मध्ये जाते. या ओळी एरवी दिसत नाहीत. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून `Show original` उघडलं की दिसतात, थंडरबर्डमध्ये Ctrl+U दाबून.

आता तुमच्याच उदाहरणात कोणी रिप्लाय दाबून नुसता विषय बदलला, तर जाणारा मेल साधारण असा असेल:

```
Subject: स्ट्रक्चरल ऑडिट: अभियंत्यांचे दर
Message-ID: <m21@example.com>
In-Reply-To: <m20@example.com>
References: <m01@example.com> ... <m20@example.com>
```

विषय नवा आहे, पण खालच्या दोन ओळी जुन्याच आहेत. जीमेल विषयही बघतं, त्यामुळे ते या मेलला वेगळं काढतं. थंडरबर्ड `References` ची माळ धरून जातं, त्यामुळे काकांच्या पडद्यावर हा मेल गच्चीच्या गळतीच्या झाडातच विसाव्या मेलच्या खाली लटकलेला दिसेल. त्यांनी ती साखळी मिटवून ठेवली असेल तर नवा विषय त्यांना दिसणारच नाही, कारण मिटलेल्या साखळीवर पहिल्या मेलचाच विषय दिसतो. आउटलुक या दोन ओळींशिवाय स्वतःची `Thread-Index` आणि `Thread-Topic` अशी खूण मेलमध्ये ठेवतं, त्यामुळे तिथे काय दिसेल हे आवृत्तीप्रमाणे बदलू शकतं.

म्हणून खात्रीचा मार्ग एकच आहे. रिप्लाय दाबायचंच नाही. `Compose` उघडून कोरा मेल लिहायचा. त्यात `In-Reply-To` नसतं आणि `References` ही नसतं, म्हणून विषय खरोखर वेगळा असेल तर तो कुणाच्याही पडद्यावर जुन्या झाडाला चिकटत नाही.

`Show original` मधल्या कच्च्या मजकुरातल्या `Subject` ओळीत मराठी विषय थेट वाचता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे `=?UTF-8?B?` ने सुरू होणारी अक्षरांची लांब रांग दिसेल. ती मराठी अक्षरांची सांकेतिक रूपं आहेत, मेल बिघडलेला नाही. तुम्ही फक्त `References` ही ओळ आहे की नाही तेवढं बघा.

---

सातरस्ता

एवढं कशाला? विषय बदलताना पुढचं `Re:` काढून टाकायचं. `Re:` नसलं की मेल नवा धरला जातो.

---

दादर_टपाल

नाही हो, सातरस्ता. नुसतं `Re:` काढल्याने मेल नवा धरला जात नाही. विषयांची तुलना करण्याआधी प्रोग्रॅम `Re:`, `Fw:`, `Fwd:` हे सगळं सोलून काढतात आणि उरलेल्या मजकुराची तुलना करतात. मेल सर्व्हरकडून साखळ्या लावून घेण्याची पद्धत आरएफसी ५२५६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००८ साली लिहिली गेली. त्यात हे सोलणं पायरीपायरीने दिलेलं आहे.

त्याच सोलण्यात एक गोष्ट आहे जी सोसायट्यांना हमखास नडते. विषयाच्या सुरुवातीला चौकोनी कंसात लिहिलेला शब्दही त्या पद्धतीत सोलला जातो. म्हणजे कोणी "[गच्ची] कामाचे दर" हा विषय बदलून "[ऑडिट] कामाचे दर" केला, तर त्या हिशेबाने दोन्हींचा गाभा "कामाचे दर" असाच उरतो. कोऱ्या मेलने सुरू केलं तरी गाभा सारखा निघाला म्हणून दोन साखळ्या एकत्र येऊ शकतात. चौकोनी कंस लावायला हरकत नाही, पण फरक कंसाबाहेरच्या शब्दांत असला पाहिजे.

जीमेलचंही असंच एक आहे. त्याच माणसांमध्ये, त्याच विषयाने, आठवड्याच्या आत कोरा मेल गेला तर जीमेल तो आधीच्या साखळीला जोडू शकतं. "मीटिंग", "अर्जंट", "बिल" असे विषय लिहिणाऱ्यांचे मेल असेच एकमेकांत अडकतात. विषयात निदान काम आणि त्या कामाची पायरी, दोन्ही येऊ द्या.

---

परळ_चाळकरी

आमच्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाच त्रास आहे. पाण्याच्या वेळेबद्दल विचारलं की गणपतीच्या वर्गणीवर गाडी जाते. तिथे नवा विषय कसा टाकायचा? कोणी म्हणतं कम्युनिटी करा आणि त्यात वेगवेगळे ग्रुप काढा. कुणाला माहीत आहे का?

---

नंदिनी_कांदिवली

परळकर, धागा ईमेलबद्दल आहे. व्हॉट्सअॅपच्या मेसेजला विषयाची ओळच नसते, त्यामुळे तिथे वेगळा ग्रुप हाच उपाय. त्यावर वेगळा धागा काढलात तर मीही लिहीन, कारण आमच्याकडे कम्युनिटी आहे आणि तिचे फायदे-तोटे दोन्ही आहेत.

सचिवसाहेब, तुमच्या मूळ प्रश्नात मला एक गोष्ट जास्त गंभीर वाटते. जुन्या ट्रेलमध्ये तिन्ही कंत्राटदार `Cc` मध्ये आहेत ना? म्हणजे सळया उघड्या पडल्याचे फोटो, ऑडिटला किती खर्च करायची तयारी आहे, कोणता अभियंता कुणाला हवाय, हे सगळं त्यांच्याकडे जातंय. विषय वेगळा करताना "विषयाची ओळ कोणती" याइतकंच "हे कुणाला जायला हवं" हेही नव्याने ठरवायचं असतं. रिप्लाय ऑल दाबून नुसता विषय बदललात तर कंत्राटदार तसेच सोबत येतील आणि खाली अख्खा ट्रेलही जाईल. नव्या ट्रेलमध्ये उद्या ऑडिटरला घेतलंत तर तीन कंत्राटदारांचे दर त्यालाही वाचायला मिळतील, खाली कुणी स्क्रोल केलं नाही तरी.

कोरा मेल केला की ही दोन्ही दारं बंद होतात. `To` मध्ये नावं एकेक करून घालावी लागतात, आणि ते बरंच आहे. समितीचे पत्ते रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये "समिती" असं लेबल करून सगळ्यांना त्यात घाला. मग `To` मध्ये लेबलचं नाव लिहिलं की पत्ते भरले जातात. पत्ते हवेत म्हणून जुना मेल उघडायचा, रिप्लाय ऑल दाबायचं आणि सगळा मजकूर पुसून नवं काही लिहायचं, ही सवय या गोंधळाच्या मुळाशी असते. मजकूर पुसला जातो, `References` पुसली जात नाही.

---

अंधेरी_मरोळ

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. आमच्या ऑफिसात प्रिंटरची तक्रार वेंडरच्या सपोर्टला मेलवर करतो. विषयात त्यांचा तक्रार क्रमांक येतो, `[#48213]` असा. ती तक्रार सुटली, मग मी त्याच मेलवर विषय बदलून स्कॅनरची नवी तक्रार लिहिली. क्रमांक तसाच ठेवला, कारण त्यांना आमचं खातं ओळखता यावं. तर नवी तक्रार उघडलीच नाही. जुनीच परत चालू झाली आणि प्रिंटरवाल्या इंजिनिअरकडे गेली. हे पण `References` मुळेच का?

---

दादर_टपाल

दोन्हींमुळे असू शकतं. तक्रारींच्या बहुतेक प्रणाली आलेला मेल कोणत्या तक्रारीत घालायचा हे दोन खुणांवरून ठरवतात: विषयातला क्रमांक आणि `In-Reply-To` किंवा `References` मधले आयडी. तुमच्या मेलमध्ये दोन्ही होते. विषयाचे बाकीचे शब्द मशीन वाचतही नाही. बंद तक्रारीवर मेल आला की ती पुन्हा उघडायची आणि आधीच्याच माणसाकडे द्यायची, हा सर्रास ठेवला जाणारा नियम आहे.

स्कॅनरसाठी कोरा मेल, विषयात क्रमांक नाही. जुन्या तक्रारीचा उल्लेख करायचाच असेल तर मजकुरात शब्दांत करा, "प्रिंटरच्या आधीच्या तक्रारीशी याचा संबंध असू शकतो" असा. क्रमांक मजकुरात लिहिलात तरी सहसा चालतं, पण काही ठिकाणी मजकूरही तपासला जातो, म्हणून आधी नवा क्रमांक मिळू द्या आणि मग पुढच्या मेलमध्ये जुना सांगा.

---

गिरगाव_जुनाजाणता

मला दादर_टपाल यांचं पूर्ण पटत नाही. ईमेलवर चर्चा करणाऱ्या जुन्या लोकांची एक चांगली रीत होती. विषय बदलला की नवा विषय लिहायचा आणि कंसात जुना ठेवायचा. मराठीत लिहायचं तर "स्ट्रक्चरल ऑडिट (पूर्वी: गच्चीची गळती)". वाचणाऱ्याला एका ओळीत कळतं की चर्चा कुठून आली. आणि रिप्लायने केलं की `References` राहते, म्हणजे झाडात मागे जाऊन मूळ फोटो कोणत्या मेलमध्ये आले ते दिसतं. कोरा मेल केला की तो दुवा तुटतो. पाच वर्षांनी नवी समिती आली आणि "ऑडिट करायचं कधी आणि का ठरलं" हे शोधायला लागली तर तिला काय सापडणार?

---

दादर_टपाल

रीत चांगली आहे आणि तुमचा मुद्दा रास्त आहे, दुवा टिकलाच पाहिजे. पण तो विषयाच्या ओळीत ठेवण्यात एक व्यावहारिक अडचण आहे.

त्या रीतीप्रमाणे कंसातला भाग एक-दोन मेलपुरताच ठेवायचा असतो, पुढच्या कोणीतरी तो काढायचा. सगळ्यांना हे माहीत नसतं. तुमचा विषय "स्ट्रक्चरल ऑडिट (पूर्वी: गच्चीची गळती)" असा आहे आणि चौथ्या मेलला कोणी नीटनेटकेपणा म्हणून कंस काढला, तर जीमेलच्या दृष्टीने विषय पुन्हा बदलला. आता ऑडिटचेच दोन तुकडे झाले, आणि निम्मे लोक एका तुकड्यावर, निम्मे दुसऱ्यावर उत्तरं देत राहतात. मघाशी सांगितलेल्या सोलण्यात मेल पुढे पाठवल्याची शेवटची `(fwd)` खूण निघते, पण असा "पूर्वी" चा कंस निघत नाही. आणि कोणीच काढला नाही तर मोबाइलवर विषयाची अर्धी ओळ जुन्याच विषयाने भरते.

म्हणून मी दुवा मजकुरात ठेवतो, आणि दोन्ही बाजूंनी. नव्या मेलच्या पहिल्या ओळीत जुन्या ट्रेलचा विषय जसाच्या तसा आणि ज्या मेलवरून चर्चा फुटली त्याची तारीख. जुन्या ट्रेलवर एक ओळीचं उत्तर, त्यात नव्या ट्रेलचा विषय जसाच्या तसा. विषय जसाच्या तसा म्हणजे कॉपी-पेस्ट, आठवणीतून लिहिलेला नको. पाच वर्षांनी शोधणारा माणूस तो शब्दशः शोधात टाकेल आणि दोन्ही ट्रेल समोर येतील. `References` च्या आधारे झाड दाखवणारा प्रोग्रॅम तेव्हा समितीत कुणाकडे असेल की नाही, सांगता येत नाही. शोधाची चौकट मात्र सगळीकडे असेल.

---

गिरगाव_जुनाजाणता

जीमेल पुन्हा तुकडे करतं हा मुद्दा मान्य. पण जिथे सगळे थंडरबर्डसारखं झाड दाखवणारं काही वापरतात तिथे माझी पद्धतच उजवी, असं मी अजूनही म्हणेन. तिथे कोरा मेल म्हणजे पाळंमुळं तोडणं आहे.

---

सचिव_मुलुंडपूर्व

खूप उपयोग झाला. मी मसुदा केलाय, बघून सांगा.

जुन्या ट्रेलवर, रिप्लाय ऑलने:

"ऑडिटची पुढील चर्चा 'स्ट्रक्चरल ऑडिट: अभियंत्यांकडून दर मागवणे' या नव्या मेलवर होईल. या मेलवर फक्त गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल लिहावे."

नवा मेल, कोरा, फक्त समितीला:

"संदर्भ: 'गच्चीची गळती: वॉटरप्रूफिंगचे दर' या मेलमध्ये १२ मे रोजी बी-४०३ च्या सदस्यांनी तुळईचे फोटो पाठवले. त्यावर आजपर्यंत समितीतील चौघांनी ऑडिट करावे असे लिहिले आहे. ठरवायचे आहे: १. महापालिकेकडे नोंद असलेल्या कोणत्या अभियंत्यांकडून दर मागवायचे. २. दर कधीपर्यंत मागवायचे. कृपया या दोनच गोष्टींवर उत्तर द्यावे."

---

नंदिनी_कांदिवली

मसुदा चांगला आहे. तीन गोष्टी सुचवते.

जुन्या ट्रेलवरचं तुमचं उत्तर कंत्राटदारांनाही जाईल. त्यांना ऑडिटच्या मेलचा नेमका विषय कळायची गरज नाही. त्यांना `Cc` मधून काढून उत्तर द्यावं, तर पुढचा कोणी आधीच्या मेलवरून रिप्लाय ऑल करेल आणि ते परत येतील, त्यामुळे त्याने काही साधत नाही. मी तिथे इतकंच लिहीन: "ऑडिटबद्दलची चर्चा समिती वेगळ्या मेलवर करत आहे. या मेलवर फक्त वॉटरप्रूफिंग." नेमका विषय समितीला नव्या मेलमध्ये दिसणारच आहे.

दुसरं, फोटो. रिप्लायबरोबर जोडलेल्या फायली पुढे जात नाहीत आणि कोऱ्या मेलबरोबर तर प्रश्नच नाही. फोटो जुन्या मेलमधून उतरवून नव्याला पुन्हा जोडा. नाहीतर ऑडिटरला ट्रेल पाठवायची वेळ येईल तेव्हा फोटोच नसतील.

तिसरं, "चौघांनी ऑडिट करावे असे लिहिले" हे तुमच्या शब्दांत आहे. त्या चौघांची मूळ वाक्यं तारखेसह चिकटवा, एकेक ओळ पुरे. तुम्हीच म्हणालात की "मान्य आहे" कशाला आहे हे कळत नव्हतं. मग त्यातलं कोणतं "मान्य" तुम्ही ऑडिटचं धरलंत हे त्या माणसाला दिसलं पाहिजे, म्हणजे चुकीचं धरलं असेल तर तो लगेच सांगेल.

---

सातरस्ता

स्ट्रक्चरल ऑडिटसाठी मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षं मोजायची ती पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, वापर परवानगीपासून किंवा निम्मी जागा प्रत्यक्ष राहती झाल्यापासून, यातलं जे आधी असेल तिथून. ती तारीख नव्या मेलच्या पहिल्या मजकुरात टाका, नाहीतर दहावा मेल यायच्या आत कोणीतरी विचारेल आणि परत फाटा फुटेल.

---

दादर_टपाल

हे उत्तम. नंदिनीताईंचं कंत्राटदारांबद्दलचं म्हणणंही बरोबर. दुवा दोन्ही बाजूंनी ठेवा म्हणालो ते सगळी आतली माणसं असतील तेव्हा. बाहेरचा माणूस ट्रेलमध्ये असेल तर नव्या बाजूचा एकच दुवा पुरतो.

आता फाटा काढल्यावर काय होतं ते सांगतो, कारण खरी मेहनत तिथे लागते. पहिले तीन-चार दिवस कोणीतरी जुन्याच ट्रेलवर ऑडिटबद्दल लिहिणार. त्यांच्या इनबॉक्समध्ये तो मेल वर असतो, बोट तिथेच जातं. त्यावर "हे इथे लिहू नका" एवढंच लिहिलंत तर त्यांचा मुद्दा हरवतो आणि माणूस नाराज होतो. त्यांचं वाक्य कॉपी करा, नव्या ट्रेलवर "अमुक यांनी आज लिहिलं आहे" म्हणून चिकटवा आणि त्याचं उत्तर तिथेच द्या. जुन्या ट्रेलवर "उत्तर ऑडिटच्या मेलवर दिलं आहे" एवढं पुरे. तो मेल फॉरवर्ड करू नका. फॉरवर्डमध्ये खालचा सगळा ट्रेल आणि दर पुन्हा येतात.

दुसरी खूण अशी की काही जण नव्या ट्रेलवर काहीच बोलत नाहीत. त्यांना विचारा की मेल दिसला का. जुनी साखळी एखाद्याने कंटाळून `Mute` केलेली असते. म्यूट केलेल्या साखळीत आलेले मेल जीमेलच्या इनबॉक्समध्ये येत नाहीत. तुम्ही कोऱ्या मेलने सुरू करताय म्हणून तुमचा मेल त्यांना दिसायला हवा, पण ऑडिटची आधीची चर्चा त्यांनी वाचलेलीच नसणार. मूळ वाक्यं चिकटवायची ती या लोकांसाठीही.

आणि जुनी साखळी इनबॉक्समधून कुणी उडवू नका असं सांगून ठेवा. जीमेलमध्ये साखळी यादीतून डिलीट केली की त्यातले सगळे मेल जातात, त्यात तुळईचे फोटो असलेला मेलही आला.

---

बोरीबंदर

मग विषय किती बदलला म्हणजे फाटा काढायचा? आमच्या ऑफिसात जरा काही वेगळं निघालं की काही जण नवा मेल करतात. एका कामाचे सहा ट्रेल होतात आणि कोणता बघायचा तेच कळत नाही.

---

दादर_टपाल

मी दोन गोष्टी बघतो. या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं वेगळी आहेत का, आणि हा प्रश्न वेगळ्या दिवशी मिटणार आहे का. ऑडिटचं उत्तर अभियंता देणार आणि ते वॉटरप्रूफिंगच्या खूप नंतर मिटणार, म्हणून फाटा हवा. "ब्रिकबॅट कोबा उखडला तर डेब्रिज कोण उचलणार" हा विषय नवा वाटतो, पण त्याचं उत्तर तेच कंत्राटदार त्याच दरात देणार. तो त्याच ट्रेलमध्ये राहू द्या.

---

नंदिनी_कांदिवली

यात मला एक भर घालावीशी वाटते. माणसं तीच असली तरी ठराव वेगळा लागणार असेल तर मी फाटा काढते. समितीच्या सभेत दोन वेगळे ठराव होणार असतील तर इतिवृत्त लिहिणाऱ्याला दोन वेगळे ट्रेल हवे असतात. ऑडिटचा ठराव आणि वॉटरप्रूफिंगचा ठराव एका ट्रेलमधून वेचून काढणं फार त्रासाचं आहे.

---

दादर_टपाल

सोसायटीसाठी हे पटतं. ऑफिसात ठराव नसतात, तिथे मी माझ्या दोन प्रश्नांवरच राहीन.

---

बोरीबंदर

आणि आम्ही उशीर करत राहिलो तर? ट्रेल लांबतच गेला तर जीमेल कधीतरी आपणहून तोडतं असं ऐकलंय.

---

दादर_टपाल

तोडतं. एका साखळीत १०० मेल झाले की त्यापुढचे मेल नव्या साखळीत जातात, विषय तोच असला तरी. पण ते आकड्यावर तुटतं, मुद्द्यावर नाही. एखाद्याचा प्रश्न जुन्या तुकड्यात राहतो आणि त्याचं उत्तर नव्या तुकड्यात येतं, दोन्हींचा विषय सारखाच दिसतो. त्याची वाट बघू नका.

---

सचिव_मुलुंडपूर्व

सगळ्यांचे बदल घेऊन आज रात्री पाठवतो. फोटो उतरवून घेतलेत, चौघांची वाक्यं तारखांसह चिकटवली आहेत, इमारतीची तारीख वापर परवानगीच्या कागदावरून टाकली आहे. कंत्राटदारांच्या ट्रेलवर नंदिनीताईंचं वाक्य.

एक राहिलं. थंडरबर्डवाले काका विचारतायत की आधी जे मेल ऑडिटबद्दल आले ते त्यांच्याकडे जुन्या झाडात आहेत, ते ओढून नव्या झाडाखाली आणता येतील का?

---

गिरगाव_जुनाजाणता

मट नावाच्या प्रोग्रॅममध्ये होतं. तिथे `#` दाबून साखळी तोडता येते आणि `&` ने दुसरीला जोडता येते. तो मेलच्या त्या लपलेल्या ओळीच बदलतो, पण फक्त तुमच्या पेटीत, बाकीच्यांकडे झाड होतं तसंच राहतं. थंडरबर्डमध्ये नेहमीच्या मेनूतून असं करता येत नाही. काकांना सांगा की ऑडिटचे मेल टॅग करून ठेवा, `Tag` मध्ये नवा रंग घेऊन, आणि नंतर टॅगवरून गाळून बघा. कुणाला याहून चांगलं माहीत असेल तर लिहा, मलाही हवं आहे.